अहवालातला ‘करण्यात आले’ आणि ‘कोणी’ हा प्रश्न

अहवाल लिहिणाऱ्यांना हल्ली एक सल्ला सर्रास दिला जातो : कर्मणी टाळा, कर्तरी लिहा. हा सल्ला मराठीला जसाच्या तसा लागू पडत नाही, आणि तो डोळे मिटून पाळला तर अहवाल अधिक चुकीचा होऊ शकतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

‘सुरक्षारक्षकाने दरवाजा उघडला’ हे वाक्य घ्या. दरवाज्याऐवजी खिडकी असती तर आपण ‘उघडली’ म्हटले असते, म्हणजे क्रियापद कर्माप्रमाणे चालते आहे. व्याकरणाच्या दृष्टीने हा कर्मणी प्रयोगच आहे, तरीही दरवाजा कोणी उघडला याबद्दल तसूभर शंका उरत नाही. त्यामुळे अहवाल तपासताना प्रयोगाचे नाव शोधत बसण्यात अर्थ नाही. वाक्यात करणारा दिसतो का, आणि दिसत असेल तर तसे म्हणण्याइतकी माहिती आपल्यापाशी आहे का, हे पाहावे लागते. करणारा खरोखर अदृश्य होतो तो ‘उघडला गेला’ आणि ‘उघडण्यात आला’ या रचनांमध्ये, आणि त्याहून गुपचूप ‘उघडला’ या एकट्या अकर्मक क्रियापदात, कारण तिथे दार वाऱ्याने उघडले असेही वाटू शकते.

उदाहरणादाखल एक कल्पित प्रसंग घेतो. एका प्रयोगशाळेतले, उणे २० अंशांवर चालणारे शीतकपाट रात्री बंद पडले आणि आतले नमुने वाया गेले. अहवालाचा पहिला मसुदा असा आहे : ‘रात्री शीतकपाटाचा वीजपुरवठा बंद करण्यात आला. धोक्याची घंटा वाजल्यावर संबंधितांना कळवण्यात आले. सकाळी तापमान वाढल्याचे आढळून आल्याने नमुने नष्ट करण्यात आले.’ वाचायला भारदस्त वाटतो, पण तिन्ही वाक्ये तीन वेगवेगळ्या कारणांनी सदोष आहेत.

पहिल्या वाक्यात ‘करण्यात आला’ म्हटल्याबरोबर कोणीतरी ठरवून वीज तोडली असा अर्थ निघतो, फक्त त्याचे नाव दिलेले नसते. प्रत्यक्षात माहिती एवढीच आहे की तापमाननोंदणी यंत्राने ११:४० वाजता वीज गेल्याची नोंद केली आणि सकाळी पर्यवेक्षकाला प्लग बोर्डातून निघालेला दिसला. तो कोणी हेतुपुरस्सर काढला, साफसफाई करताना वायर ओढली गेली, की सैल प्लग कंपनाने निसटला, हे ठाऊक नाही. इथे ‘कोणीतरी प्लग काढला’ असे लिहिले तर सल्ला पाळल्याचे समाधान मिळेल, पण ते वाक्य पुराव्याच्या पुढे धावेल. ‘वीजपुरवठा बंद झाला’ हे त्या मानाने निर्दोष आहे, मात्र त्यातून ‘आपोआप’ असा भास होतो. म्हणून मी लिहीन : ‘नोंदणी यंत्रानुसार ११:४० पासून वीज नव्हती. सकाळी पर्यवेक्षकाला प्लग बोर्डाबाहेर दिसला. तो कसा निघाला हे निश्चित झालेले नाही.’ यात जे पाहिले त्याचा पाहणारा आहे, आणि जे कोणी पाहिले नाही ते तसेच उघडे ठेवलेले आहे.

दुसरे वाक्य मला सर्वांत घातक वाटते. ‘संबंधितांना कळवण्यात आले’ यात कळवणाराही नाही आणि ज्याला कळवले तोही नाही, आणि शिवाय निरोप पोहोचला असे वाचणारा गृहीत धरतो. रक्षकाच्या नोंदवहीत मात्र असे आहे की त्याने १२:३० च्या सुमारास भिंतीवर लावलेल्या क्रमांकावर दोनदा फोन केला, घंटा वाजत राहिली, कोणी उचलला नाही. आता सुधारणा करणारा उत्साहाने लिहील, ‘तंत्रज्ञाने फोन उचलला नाही.’ करणारा आला, वाक्य नेटके झाले आणि एका माणसावर ठपका बसला. तो क्रमांक त्या रात्री तंत्रज्ञापाशीच होता का, याची खातरजमा झालेलीच नाही. त्यामुळे नेमके वाक्य होते : ‘भिंतीवर लावलेल्या क्रमांकावर रक्षकाने दोनदा फोन केला, उत्तर मिळाले नाही.’ या एकाच वाक्यात पहिला भाग करणाऱ्यासह आहे आणि दुसरा करणाऱ्याविना, आणि दोन्ही निवडी बरोबर आहेत.

तिसऱ्या वाक्यात निर्णय आणि कृती एकत्र गुंडाळल्या आहेत. नमुने टाकून द्यायचे हे विभागप्रमुखांनी ठरवले आणि सहायकाने ते नष्ट केले. नंतर कोणी ‘थोडे नमुने वाचले असते’ असे म्हटले, तर उत्तर कोणी द्यायचे हे या भेदावर ठरते. याउलट ‘नमुने उणे २० अंशांवर ठेवलेले होते’ या वाक्यात ठेवणारा नाही, आणि तिथे तो घुसडू नये. ठेवणे हे नेहमीचे काम होते, त्यावर कोणाचा आक्षेप नाही.

जाता जाता ‘कडून’बद्दल. ‘सहायकाकडून चावी घेण्यात आली’ याचा अर्थ सहायकाने चावी घेतली, की कोणीतरी सहायकापाशी असलेली चावी घेतली? दोन्ही वाचन शक्य आहेत. शिवाय ‘सहायकाकडून काच फुटली’ म्हटले की चुकून फुटली असे सुचते आणि ‘सहायकाने काच फोडली’ म्हटले की मुद्दाम फोडल्याचा रंग चढतो. हेतू ठाऊक नसेल तर ‘सहायक बाटली उचलत असताना काच फुटली’ असे लिहून थांबावे.

पण ज्या गोष्टीची मला मनापासून चीड येते ती वेगळी आहे. अनेक अहवालांत हाताखालच्या माणसाच्या वाट्याला ‘ने’ येतो आणि वरच्या माणसाच्या वाट्याला ‘करण्यात’. याच मसुद्याच्या निष्कर्षात असे लिहिले जाते : ‘रक्षकाने अन्य कोणाशी संपर्क साधला नाही. पर्यायी क्रमांकांची यादी लावण्यात आलेली नव्हती.’ दोन्ही वाक्ये सुटी सुटी खरी आहेत. एकत्र वाचल्यावर मात्र चूक रक्षकाची आणि यादीचे काय ते नशिबाचे, असे चित्र उभे राहते. मसुदा झाल्यावर प्रत्येक ‘ने’ आणि प्रत्येक ‘करण्यात’ यांखाली दोन रंगांनी रेघा माराव्यात आणि कोणत्या हुद्द्याच्या वाट्याला कोणता रंग आला ते पाहावे. त्यासाठी नावे लिहावी लागत नाहीत, हुद्दे पुरतात.

यादीच्या वाक्यापुढे ‘कोणी?’ असे विचारले की दोनच शक्यता उरतात. कार्यपद्धतीत ती जबाबदारी विभागप्रमुखांची असेल, तर ‘विभागप्रमुखांनी यादी लावली नव्हती’ असे लिहावे, रक्षकाच्या वाक्याइतक्याच सरळपणे. आणि यादी कोणी लावायची हे कुठेच नेमून दिलेले नसेल, तर अहवालात तेच लिहावे : ‘पर्यायी क्रमांकांची यादी लावण्याचे काम कोणाकडेही सोपवलेले नव्हते.’ या वाक्यात करणारा नाही, कारण तो खरोखरच कोणी नव्हता, आणि पुढच्या रात्रीपूर्वी नेमके काय बदलायचे आहे तेही त्यातूनच कळते.