वजन ९४, वीस कमी करायचंय, डाएट पाठवा

असा मेसेज तुम्हालाही कधीतरी आलाच असेल. कोल्हापुरात राहता, चार महिने व्यायाम करून पोट आत घेतलंय आणि तसा फोटोही लावलाय, म्हणजे तुम्ही आहारतज्ज्ञ झालातच. आता पाव्हणेरावळे, गल्लीतले आणि ऑफिसातले सगळे प्लॅन मागणार. मेसेजात वजन असतं, किती कमी करायचं तो आकडा असतो आणि शेवटी हात जोडलेलं चित्र असतं. वय, उंची, खाण्यापिण्याची पद्धत, आजारपण यातलं काहीही नसतं. गोंधळून जाऊ नका. माहिती जितकी कमी, तितका प्लॅन पटकन तयार होतो.

पहिला नियम, उलट प्रश्न विचारायचा नाही. प्रश्न विचारला की समोरच्याला वाटतं, याला येत नाही. तुमच्या मोबाइलमध्ये तो प्लॅनचा फोटो आहेच, जिममधल्या अठ्ठावीस वर्षांच्या पोरासाठी कुणीतरी केलेला. सकाळी लिंबूपाणी, दुपारी एकपर्यंत तोंडाला कुलूप, मग दहा अंड्यांचा पांढरा बलक, संध्याकाळी ॲव्होकॅडो, रात्री क्विनोआ. ॲव्होकॅडो लक्ष्मीपुरीच्या मंडईत मिळेल का, ही समोरच्याची काळजी. तुम्ही पाठवून मोकळे व्हा.

उंचीसुद्धा विचारू नका. ९४ किलो वजनाचा सहा फुटी गडी आणि ९४ किलो वजनाची पाच फुटी वहिनी, दोघांनाही एकच फोटो चालतो. वय विचारणं तर उद्धटपणाच. पन्नाशीनंतर उपाशी राहून वजन उतरवलं तर चरबीबरोबर स्नायूही उतरतात आणि काट्यावर दोन्ही सारखेच दिसतात, हे कशाला सांगत बसायचं? काटा खाली आला, लोकांनी ‘लई बारीक झालायस’ म्हटलं, काम झालं.

आता समजा, मेसेज शाहूपुरीतल्या एका काकांचा आहे. वय ५६, मार्केट यार्डात गुळाचा व्यवहार. ही माहिती तुम्हाला असायचं कारण नाही, वाचकांसाठी सांगतोय. तुम्ही फारच सज्जन असाल आणि राहवलंच नाही, तर एकच प्रश्न विचारा, तोही असा की उत्तर हमखास चुकीचं यावं.

“काका, काही आजार वगैरे?”

“काय न्हाई रं, ठणठणीत हाय मी.”

झालं. या उत्तरावर समाधान मानायचं. याच काकांना “सकाळी गोळ्या कुठल्या घेताय?” असं विचारण्याचा मूर्खपणा करू नका, कारण मग ते म्हणतील, “त्या व्हय? बीपीची एक, शुगरची एक, रातची एक कोलेस्टेरॉलची. पर आजार काय न्हाई, समदं कंट्रोलमधी हाय.” काका खोटं बोलत नाहीत. गोळी चालू आहे म्हणजे आजार मिटला, असंच आपल्याकडं धरतात. आजार विचारला की ‘नाही’ येतं आणि गोळी विचारली की अख्खा डबा बाहेर येतो. म्हणून गोळी विचारायची नाही. गोळीचं पाकीट उलटं करून मागचं बारीक अक्षर वाचायचं तर मुळीच नाही. तिथं एकाच गोळीत दोन औषधं लिहिलेली असतात आणि त्यातलं एखादं ग्लिमेपिराइड निघालं, तर तुमच्या प्लॅनची पंचाईत होते.

पंचाईत का, ते थोडं सविस्तर सांगतो. मेटफॉर्मिन एकटं असेल तर ते सहसा साखर धोक्याच्या खाली नेत नाही. ग्लिमेपिराइडचं तसं नाही. ते स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावतं. तुम्ही जेवलात की नाही, याची चौकशी ते करत नाही, त्या बाबतीत ते अगदी तुमच्यासारखं. डॉक्टरांनी ती गोळी लिहिताना धरलेलं असतं की काका साडेआठला दोन भाकऱ्या आणि पिठलं खाणार. तुमच्या फोटोत साडेआठला लिंबूपाणी आहे. गोळी आपलं काम चोख करते, भाकरी मात्र पोटात नसते.

मग काका गोळी घेऊन, लिंबूपाणी पिऊन, बाकी उपाशीपोटी रंकाळ्याला चालायला जातात. चालण्यानं साखर आणखी उतरते. दुसरी फेरी अर्धी होते तोवर दरदरून घाम सुटतो, हात थरथरतात, समोरचं धूसर दिसतं आणि एरवी शांत असणारे काका फुगेवाल्यावर विनाकारण खेकसतात. त्यांनी तुम्हाला फोन केला, तर न चुकता सांगा, “काका, चरबी वितळायला लागली, नाद खुळा!” आजूबाजूच्या कुणाकडं साखर मोजायचं यंत्र असलंच, तर त्यावर ५२ दिसेल. ७० च्या खाली गेली की साखर कमी झाली म्हणतात आणि ५४ च्या खाली गेली की मामला गंभीर. पण तुमच्या फोटोत हा आकडा नाही, तेव्हा दुर्लक्ष करा.

बीपीची गोळी मेटोप्रोलॉलसारखी असेल, तर आणखी सोय. ती छातीतली धडधड आणि हातांची थरथर दाबून टाकते, म्हणजे काकांना काही होतंय हे काकांनाच लवकर कळत नाही. घाम तेवढा येतो. तो काय, व्यायामाचाच धरायचा.

अशा वेळी गर्दीतला एखादा आगाऊ माणूस तीन चमचे साखर पाण्यात ढवळून काकांना पाजतो, पंधरा मिनिटं घड्याळ बघत बसतो, पुन्हा मोजतो, अजून ७० च्या खाली असेल तर पुन्हा तेवढीच साखर देतो आणि बरं वाटल्यावर नीट जेवायला घालतो. दुसरा कुणी पेढा देऊ लागला तर त्याला थांबवतो, कारण खव्यातल्या स्निग्धामुळं साखर रक्तात हळू चढते. काका शुद्धीवर नसतील तर तोंडात थेंबही घालू देत नाही, सरळ दवाखान्यात नेतो. वर म्हणतो, या गोळीचा अंमल जवळपास दिवसभर असतो, तासाभरात बरं वाटलं म्हणून सोडू नका, साखर पुन्हा उतरेल. अशा माणसांमुळंच डाएटवरचा लोकांचा विश्वास उडतो.

शुगरच्या औषधाचं नाव ‘फ्लोझिन’नं संपत असेल, तर वेगळीच गंमत. त्यावर भात-भाकरी पार बंद केली, तर रक्तात आम्ल साठू शकतं. उलट्या होतात, पोट दुखतं, धाप लागते आणि साखर मोजावी तर फारशी वाढलेलीही नसते, त्यामुळं घरचे ‘पित्त झालंय’ म्हणून सोडा पाजत बसतात. तुमचा प्लॅन भाकरी बंद करणाऱ्यांतलाच, तेव्हा पाकीट न बघितलेलंच बरं.

आणि हो, भीतीनं काकांनी गोळीच बंद केली, तर त्यांना शाबासकी द्या. डॉक्टरांना आधी दाखवून, “मी सकाळचं खाणं कमी करतोय, गोळीचं काय करायचं?” असं विचारण्यात फुकट वेळ जातो. डॉक्टर गोळी कमी करतील किंवा बदलतील, किडनीसाठी क्रिएटिनिन तपासायला सांगतील, मग एवढं प्रोटीन किडनीला झेपेल का, म्हणून दहा अंड्यांचा विषय निघेल. एवढा कुटाणा कोण करतो?

आता सवयी. इथं मात्र मीच तुम्हाला कळकळीनं सांगतो, विचारू नका, कारण ऐकत बसाल. “दिवसभरात काय खाता?” या प्रश्नावर प्रत्येक कोल्हापूरकर “काय न्हाई, दोन घास” म्हणतो. पण “काल उठल्यापासून झोपेपर्यंत काय काय तोंडात गेलं, ओळीनं सांगा” असं विचारलं, की यार्डातला चहा निघतो. व्यापारी आला की चहा, हिशेब झाला की चहा, दिवसाला सहा कप. कपाला दोन चमचे साखर धरली तर साठ ग्रॅम, म्हणजे नुसत्या साखरेच्या २४० कॅलरी. ही काकांच्या लेखी खाण्यात नाही, पाहुणचारात धरलेली. मग रात्री गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर म्हशीचं धारेचं अर्धा लिटर दूध. त्याच्या आणखी पाचशेच्या आसपास. तेही खाण्यात नाही, कारण तालमीत असल्यापासूनचं आहे. तालीम सुटून तीस वर्षं झाली, दूध सुटलं नाही.

रविवारचं तर विचारूच नका. “मटण खाल्लं, पर चारच फोडी.” हे अक्षरशः खरं असतं. पांढरा रस्सा मात्र वाटीवर वाटी रिचवलेला असतो आणि तांबड्याचा कट वरून ओरपलेला असतो. कोल्हापुरात रस्सा हा जेवणात मोजत नाहीत, तो पितात. पांढऱ्यातलं नारळाचं दूध आणि तांबड्यावरचं तेल हे हिशेबात धरायचं असतं, असं म्हणणाऱ्याला पुढच्या रविवारी बोलावणंच येत नाही. एवढा धोका तुम्ही कशाला पत्करता?

कारण हे सगळं विचारलंत, तर हाती जे येईल त्याला प्लॅन म्हणता येणार नाही, इतकं ते साधं असेल. गोळीच्या वेळेला सकाळची एक भाकरी आणि मुगाची उसळ ठरलेलीच. चहा तीन कप, कपाला अर्धा चमचा. दूध अर्ध्या लिटरऐवजी एक कप, साय काढून. मटणाच्या फोडी हव्या तर सहा, पण रस्सा एकेक वाटी, कट बाजूला काढलेला. चालायचं ते खाऊन झाल्यावर, खिशात साखरेची पुडी ठेवून. सहा महिन्यांत पाच ते नऊ किलो उतरलं तरी भरपूर, वीसचं नाव नंतर काढू. यात ना ॲव्होकॅडो, ना फोटो काढून पाठवण्यासारखं काही. शिवाय हे फक्त काकांनाच लागू. काकू ती थायरॉईडची गोळी पहाटे उपाशीपोटी घेतात, त्यांना यातलं निम्मं बदलावं लागेल. म्हणजे माणशी एक प्लॅन! असं कुठं परवडतं का?

त्यापेक्षा तुमचा फोटो बरा. एकदा पाठवला की पुढं काही करावं लागत नाही. दवाखान्यात सलाईन चालू असतानाच काकांनी तो त्यांच्या साडूला पाठवलाय. साडूंचं वजन ८८, दहा कमी करायचंय. क्रिएटिनिन कुणी विचारलेलं नाही, अंडी मात्र दहाच आहेत.