कुलूप म्हणजे दुकान खरं?

"साइटच्या पत्त्यापाशी कुलूप आहे, https आहे, खाली ग्राहकांनी पाच-पाच स्टार दिलेत. मग दुकान खरंच आहे. 80 टक्के सूट सोडू नका, बिनधास्त पैसे भरा."

असा सल्ला कुणी दिला, तर आधी कुलपाचं बघू. तुमचा ब्राउझर आणि ती साइट यांच्यातली माहिती वाटेत कुणाला वाचता येणार नाही, एवढीच त्याची हमी. पलीकडे दुकानदार बसलाय की भामटा, हे ते सांगत नाही. कुलूप दिसण्यासाठी लागणारं सर्टिफिकेट लेट्स एन्क्रिप्टसारखी संस्था काही मिनिटांत आणि फुकट देते. डोमेन, म्हणजे साइटचं नाव, मागणाऱ्याच्या ताब्यात आहे ना, इतकंच ती तपासते, आणि भामट्याचं डोमेन त्याच्याच ताब्यात असतं. कुलूप दिसलं की लोक साइटवर विश्वास टाकतात, म्हणून क्रोमने 2023 मध्ये संगणकावरच्या ब्राउझरमधून ते चिन्हच काढून टाकलं.

स्टारांबद्दल फार बोलायला नको. दुकानाच्या स्वतःच्या पानावरचे अभिप्राय दुकानदार हवे तसे लिहू शकतो.

मग बघायचं काय? मी सगळ्यात आधी डोमेनचं वय बघते. मध्यंतरी बहिणीने बुटांच्या एका दुकानाची लिंक पाठवली. खाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं, '2011 पासून आपल्या सेवेत'. lookup.icann.org वर जाऊन त्या साइटचं नाव टाकलं, तर `Created` पुढची तारीख जेमतेम तीन आठवड्यांपूर्वीची! नव्याने सुरू झालेलं प्रामाणिक दुकानही असू शकतं, पण ते 2011 चा दावा करणार नाही. मग परतीच्या नियमांतलं एक लांबलचक वाक्य अवतरणचिन्हांत घालून शोधलं. तेच वाक्य, तोच ईमेल पत्ता, घड्याळं आणि पर्स विकणाऱ्या आणखी चार साइटींवर होता. एवढ्यावर मी तिला थांबवलं.

उलट बाजूही सांगायला हवी. तारीख जुनी निघाली म्हणून निर्धास्त होऊ नका. मुदत संपलेली जुनी डोमेन विकत घेऊन त्यांवर अशी दुकानं थाटली जातात. web.archive.org वर तोच पत्ता टाकून आधी तिथे काय होतं ते बघा. दोन वर्षांपूर्वी तिथे एखाद्या भजनी मंडळाचं पान होतं आणि आज बूट विकले जातायत, तर त्या जुन्या तारखेला काही किंमत नाही.

शेवटी पैसे भरायचं पान. माल निवडताना कार्डांची चिन्हं दिसतात, पण ऐन वेळी 'कार्ड सध्या बंद आहे, थेट खात्यावर पाठवा' असं येतं, आणि खातं दुकानाऐवजी भलत्याच व्यक्तीच्या नावावर असतं. कार्डाने भरलेल्या पैशांवर बँकेकडे हरकत घेता येते. आपणहून दुसऱ्याच्या खात्यात पाठवलेले पैसे परत मिळवणं फार अवघड. तो संदेश दिसला की पान तिथेच बंद करा.