पैसे दिलेत ना, मग व्याज कशाला मागता?

बाबांच्या गुडघ्याच्या ऑपरेशनचा क्लेम अखेर मंजूर झाला म्हणून घरात सगळे खूश आहेत, आणि मी एकटाच चिडलोय. आई म्हणते, मिळाले ना पैसे, आता कशाला वाद घालतोस? अगं, मिळाले म्हणजे काय उपकार केले का? कॅशलेस ऐन वेळी नाकारलं, तेव्हा एफडी मोडून हॉस्पिटलचं बिल भरलं. मुदतीआधी मोडली म्हणून बँकेने दंड कापला, तोही न विचारता. आणि विमा कंपनी आमचे तीन लाख चार महिने वापरून मुद्दल परत करते, ते पण जणू वाढदिवसाची भेट दिल्यासारखं.

सेटलमेंट लेटर बघा एकदा. काय कापलं त्याची यादी इतकी बारीक, की हातमोजे, कापूस, रजिस्ट्रेशन फी, सगळं पैशापैशाने मोजलेलं. उशिराच्या व्याजाची मात्र एक ओळ नाही. शून्य रुपये असंसुद्धा नाही, तो रकानाच नाही!

फोन केला. पलीकडचा मुलगा अतिशय गोड आवाजात म्हणाला, "सर, इंटरेस्टची प्रोव्हिजन आमच्याकडे नसते." अरे बाबा, तुमच्याच पॉलिसीच्या पुस्तिकेत कलम आहे, आणि त्याच्या शीर्षकातच तो शब्द आहे: ‘क्लेम सेटलमेंट (प्रोव्हिजन फॉर पीनल इंटरेस्ट)’. विमा कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या आयआरडीएआयने २०२० मध्ये सगळ्या कंपन्यांना एकच ठरावीक मजकूर घालायला लावला, त्यातलं हे कलम. मी ते त्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "सर, मी वर कळवतो." वर म्हणजे नक्की कुठे, देव जाणे.

तर त्या कलमात काय आहे? शेवटचं आवश्यक कागदपत्र मिळाल्यापासून ३० दिवसांत कंपनीने क्लेम द्यायचा किंवा नाकारायचा. चौकशीची खरंच गरज असेल, तर ४५ दिवस. मुदत चुकली तर बँक रेटच्या वर दोन टक्के व्याज. आणि इथेच लोक फसतात. व्याज एकतिसाव्या दिवसापासून नाही, शेवटचं कागदपत्र पोचलं त्या तारखेपासून पैसे मिळेपर्यंत. म्हणजे मुदत मोडली की सवलतीचे तीस दिवससुद्धा हिशोबात येतात. कुणी उदार होऊन व्याज दिलंच, तर फक्त वरच्या दिवसांचं देऊन बोळवण करत नाहीत ना, ते तपासा.

त्यात आयआरडीएआयच्या ५ सप्टेंबर २०२४ च्या मास्टर सर्क्युलरने तर मुदत आणखी आवळली. आपण आधी बिल भरून नंतर मागतो त्या आरोग्य क्लेमचा निर्णय १५ दिवसांत व्हायला हवा. पंधरा! आमच्याकडे पंधरा दिवसांत फक्त ‘युअर क्लेम इज अंडर प्रोसेस’ असे मेसेज आले.

आता हिशोब. बँक रेट म्हणजे रिझर्व्ह बँकेचा, आणि क्लेम ज्या आर्थिक वर्षात देय झाला त्या वर्षाच्या सुरुवातीचा धरायचा. एप्रिल २०२५ च्या सुरुवातीला तो ६.५० टक्के होता. अधिक दोन, म्हणजे साडेआठ टक्के. तीन लाखांवर वर्षाचे २५,५०० रुपये, दिवसाला साधारण ७० रुपये, चार महिन्यांचे ८,५००. बस्स. एवढ्याशा रकमेसाठी ही माणसं तोंड लपवतात. माझ्याजागी कुणी हेच बिल क्रेडिट कार्डावर टाकून थकवलं असतं, तर महिन्याला तीन-साडेतीन टक्क्यांनी एका महिन्यातच नऊ-दहा हजार गेले असते. कंपनीसाठी साडेआठ टक्के म्हणजे स्वस्तातलं कर्ज आहे, आणि तेही न मागता कुणी वसूल करत नाही. मग घाई कोण करेल?

पण खरा संताप व्याजाचा नाही, त्या ‘शेवटच्या आवश्यक कागदपत्राचा’ आहे. शेवटचं कोणतं, हे ठरवणार कोण? तेच! आधी डिस्चार्ज कार्ड मागितलं. दिलं. मग इम्प्लांटचं स्टिकर आणि त्याचं बिल. दिलं. मग, "पेशंटला गुडघेदुखी पहिल्यांदा कधी सुरू झाली, याचं डॉक्टरांचं पत्र." दिलं. मग इनडोअर केस पेपर, जे आम्ही पहिल्याच गठ्ठ्यात स्पीड पोस्टाने पाठवले होते. पावती आहे माझ्याकडे. दर क्वेरीला टीपीएच्या, म्हणजे कंपनीच्या वतीने क्लेम हाताळणाऱ्या मधल्या संस्थेच्या, पोर्टलवर घड्याळ पुन्हा शून्यावर. म्हणजे कागद एकेक करून मागायचे, आणि शेवटी छातीठोक सांगायचं, आम्ही तर वेळेतच दिलं. हॉस्पिटलचे कागद टीपीएने आणि कंपनीने स्वतः हॉस्पिटलकडून घ्यावेत, पॉलिसीधारकाला पळवू नये, असं २९ मे २०२४ च्या आरोग्य विम्याच्या सर्क्युलरमध्ये आहे. वाचतं कोण!

म्हणून आता माझा सगळा वाद एका तारखेवर येऊन थांबलाय. केस पेपर त्यांच्याकडे आधीच होते, तर नंतर मागितलेली तीच प्रत ‘शेवटचं आवश्यक कागदपत्र’ होत नाही. त्याआधी दिलेलं डॉक्टरांचं पत्र शेवटचं, आणि व्याज त्या दिवसापासून. हे सिद्ध होतं ते फक्त कागदावर: स्पीड पोस्टची पावती, ईमेलची पोच, पोर्टलवरचा क्वेरीच्या तारखांचा स्क्रीनशॉट. फोनवरच्या गोड आवाजाला पुरावा नसतो. क्लेम बंद झाल्यावर पोर्टलवरची जुनी नोंद दिसेलच असं समजू नका, आधीच उतरवून घ्या.

कंपनीच्या तक्रार विभागाला ईमेल केलाय, आयआरडीएआयच्या बीमा भरोसा या तक्रारींच्या पोर्टलवरही नोंदवलंय. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा टोलवाटोलवीचं आलं, तर विमा लोकपाल. मुंबईत आहे, पुण्यात आहे, फी नाही आणि वकील तर चालतच नाही. एक मात्र लक्षात ठेवा, कंपनीचं अंतिम उत्तर आल्यापासून वर्षाच्या आत जावं लागतं. लोकपालाचा निवाडा तीस दिवसांत पाळला नाही, तर कंपनीने तक्रारदाराला दिवसाला ५,००० रुपये द्यायचे, असाही नियम आहे. हे वाचल्यावर मला पहिल्यांदा बरं वाटलं. दिवसाला ७० रुपयांना न घाबरणारे निदान या आकड्याला तरी दचकतील!

आणि आपल्याकडून प्रीमियम चुकला तर? वर्षाच्या हप्त्याला तीस दिवसांची सवलत, एकतिसाव्या दिवशी पॉलिसी बंद. इतक्या वर्षांत पुरे केलेले वेटिंग पीरियड पाण्यात. तेव्हा कुणी म्हणत नाही, "सर, वर कळवतो." तेव्हा सिस्टीम एका सेकंदात जागी होते. मग व्याजही तिनेच आपोआप लावावं ना! दोन तारखा आणि एक दर, तिसरीतलं पोर वहीत करेल इतका हिशोब. पॉलिसीधारकाने मागायची वाट न बघता कंपनीने ते स्वतःहून द्यावं असंच अपेक्षित आहे, पण ते मागायला मला माझ्याच पॉलिसीचं कलम त्यांना वाचून दाखवावं लागतं.

बाबा म्हणतात, आठ हजारांसाठी एवढं डोकं कशाला फिरवतोस. बाबा, त्यांनी तुमचे हातमोज्यांचे पैसे सोडले का? मग मीही सोडणार नाही.