रिपोर्टआधी गोळी का नको: एका प्रतिक्रियेला उत्तर

फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये ईजीएफआर या जनुकाचा रिपोर्ट आल्याशिवाय गोळी सुरू करू नये, असं मी एका लेखात लिहिलं होतं. त्यावर आलेली ही प्रतिक्रिया:

"तुमचा लेख वाचून राग आला. माझी मामी 58 वर्षांची, आयुष्यात तंबाखूला हात लावला नाही. छातीतलं पाणी तपासलं, ॲडेनोकार्सिनोमा निघाला. तीन आठवडे थांबलो आणि ईजीएफआरचा रिपोर्ट आला 'नमुना अपुरा'. तेवढ्यात गोळी सुरू झाली असती. लागू पडली तर ठीक, नाहीतर केमो आहेच. टेस्टचा एवढा हट्ट कशाला?"

तीन आठवडे हातचे गेले याचा राग रास्त आहे. पण 'गोळी देऊन बघू' हे मला मान्य नाही.

हा प्रयोग खरोखर होऊन गेला आहे. 2009 साली प्रसिद्ध झालेल्या 'आयपास' चाचणीत पूर्व आशियातले, तुमच्या मामींसारखेच ॲडेनोकार्सिनोमाचे रुग्ण होते: कधीच धूम्रपान न केलेले किंवा फार थोडं करून सोडलेले. एका गटाला गेफिटिनिब ही ईजीएफआर रोखणारी गोळी दिली, दुसऱ्याला केमो. ज्यांच्या गाठीचा तपास होऊ शकला अशा 437 जणांपैकी 261 जणांत ईजीएफआरचं म्युटेशन, म्हणजे जनुकातला बदल, सापडलं. त्यांच्यात गोळीने शंभरातल्या 71 जणांच्या गाठी आक्रसल्या, केमोने 47 जणांच्या. म्युटेशन नसलेल्यांपैकी 91 जणांनी गोळी घेतली आणि फायदा झाला फक्त एकाला. त्यांच्यासारख्याच रुग्णांत केमोने मात्र जवळजवळ चौथ्या हिश्शाला गुण आला. सिगारेट न ओढणं हा अंदाज आहे, निदान नव्हे. आणि गोळी चालत नाही हे कळेपर्यंत महिना-दीड महिना जातो. तेवढ्यात माणूस कधी कधी इतका खंगतो की 'केमो आहेच' म्हणायला केमो सोसण्याची ताकद उरत नाही.

कारण गोळीच्या कामातच आहे. ईजीएफआर हे पेशीला 'वाढ' असा हुकूम देणारं बटण समजा. त्याच्या जनुकाच्या एक्झॉन 19 या भागातला तुकडा गळाला किंवा एल858आर हा बदल झाला की ते बटण दाबलेलंच राहतं आणि गाठ त्याच्याच जिवावर जगते. गोळी रोज ते बटण बंद ठेवते. बटण मुळात बिघडलेलंच नसेल तर बंद करण्यासारखं काही नाही. केमो वेगळी: ती भराभर विभागणाऱ्या सगळ्याच पेशींना मारते, म्हणून साधारण 21 दिवसांनी एक डोस, आणि मध्ये रक्तपेशी सावरायला वेळ. गोळीने पांढऱ्या पेशी सहसा तशा घसरत नाहीत, पण त्वचेत आणि आतड्यातही ईजीएफआर असल्याने पुरळ, जुलाब, नखांच्या कडा सुजणं हे होतं. गोळी सुरू असताना नवा कोरडा खोकला किंवा दम लागला तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. फुप्फुसाला सूज येणं क्वचित घडतं, पण जिवावर बेततं. दोन्ही एकत्र देण्याचाही पर्याय आहे: मुंबईच्या टाटा मेमोरियलच्या चाचणीत नुसत्या गेफिटिनिबने आजार 8 महिने आटोक्यात राहिला, जोडीला केमो दिल्यावर 16 महिने. त्रास मात्र जास्त झाला.

आता 'नमुना अपुरा'. पाण्यात कॅन्सरच्या पेशी सापडणं वेगळं आणि डीएनए काढण्याइतक्या असणं वेगळं. निदान मोजक्या पेशींवरही होतं. म्युटेशनसाठी नमुन्यातल्या किमान 10-20 टक्के पेशी कॅन्सरच्या लागतात. छातीतल्या पाण्यात दाहाच्या पेशींची गर्दी असते, तिच्यात त्या विरून जातात. बऱ्याचदा लिटरभर पाणी काढून लॅबला एक छोटी बाटली जाते आणि बाकीचं ओतून दिलं जातं. खरी चूक तिथे होते. 50-100 मिली किंवा जास्त पाणी पाठवून, ते यंत्रात गरगर फिरवून, खाली बसलेल्या पेशी मेणात बसवून त्यांचा सेल ब्लॉक करायला सांगावं लागतं. हाडाचा तुकडा असेल तर तो आम्लात मऊ केला की डीएनए खराब होतो, हेही आधी सांगायला हवं.

मामींसाठी: पहिल्या तपासणीचा ब्लॉक शिल्लक आहे का ते लॅबला विचारा, तो मागून घेता येतो. नसेल तर पुन्हा पाणी काढताना सेल ब्लॉकची मागणी आधीच लिहून द्या आणि त्याच दिवशी रक्तही ईजीएफआरसाठी पाठवा. दम फार असेल तर रिपोर्टची वाट न बघता केमोचा पहिला डोस देता येतो. म्युटेशन निघालं की पुढे गोळी. त्या डोसात इम्युनोथेरपी, म्हणजे प्रतिकारशक्ती चेतवणारं औषध, मात्र घालू नका. तिच्या पाठोपाठ ओसिमर्टिनिब ही ईजीएफआर रोखणारी दुसरी गोळी दिली तर फुप्फुसाला सूज येण्याचा धोका बराच वाढतो.

रक्तात म्युटेशन सापडलं तर गोळी सुरू करायला तो रिपोर्ट पुरतो. रक्तात नाही सापडलं तर गोळीचा विषय संपला असं समजू नका: गाठीतून रक्तात डीएनए पुरेसा उतरला नसेल, तर म्युटेशन असूनही रिपोर्ट निगेटिव्ह येतो. पाण्याच्या ब्लॉकचा निकाल येईपर्यंत 'नाही' म्हणू नका.