सुनंदाताईंच्या प्रतिक्रियेला उत्तर : कोळसा, कुबट वास आणि माझी आजी

«ताई, तुमचं वाचून कपाटात कोळसा ठेवला. महिना झाला, कुबट वास जसाच्या तसा. उलट नवऱ्याच्या पांढऱ्या झब्ब्यावर काळे डाग पडले ते वेगळेच. आजीबाईचा बटवा उघडण्याआधी थोडं विज्ञान वाचलं असतंत तर बरं झालं असतं. बाजारात डांबरगोळ्या मिळतात, त्यांत काय वाईट आहे? – सुनंदा, ठाणे»

सुनंदाताई, नमस्कार.

झब्ब्याचं आधी सांगते, कारण तिथे चूक माझी आहे. कोळसा 'फडक्यात बांधून' ठेवा असं मी लिहिलं होतं, पण फडकं कसलं ते लिहायचं राहून गेलं. मलमलीच्या एका घडीतून कोळशाची भुकटी सहज झिरपते. जुन्या सुती चादरीचं घट्ट विणीचं कापड दुहेरी घ्यायचं आणि पुरचुंडी कपड्यांवर न ठेवता खाली वाटीत किंवा ताटलीत ठेवायची. मूळ लेखात आजच ही दुरुस्ती केली आहे. झब्ब्याबद्दल मनापासून वाईट वाटतं.

आता तुमच्या चौथ्या वाक्याबद्दल. तुमच्या कपाटातला वास गेला नाही, हे तुम्ही दोन शब्दांत सांगू शकला असतात आणि मी दोन शब्दांत उत्तर दिलं असतं. त्यासाठी माझ्या आजीला मध्ये आणायचं कारण नव्हतं. आणलंतच आहे, तर तिच्याबद्दल थोडं ऐका.

माझं बालपण आंबोली घाटाच्या पायथ्याशी, सावंतवाडीच्या बाजूला गेलं. तिथे मृग लागला की चार महिने भिंतीला हात लावला तरी ओला व्हायचा. माजघरात आजीच्या दोन लाकडी पेट्या होत्या, एक सोवळ्याच्या रेशमी वस्त्रांची आणि एक पोथ्यांची. पोथ्यांच्या पेटीत ती एका कोपऱ्यात छोटं मडकं ठेवायची आणि त्यात शिंपल्या भाजून केलेल्या चुन्याच्या कळ्या. मडकं अर्धंच भरायची, कधीच काठोकाठ नाही. कपड्यांच्या पेटीत मात्र चुना ठेवू द्यायची नाही, तिथे कोळसा. मी आठ-नऊ वर्षांची असताना एकदा विचारलं होतं, इकडचं तिकडे का चालत नाही? ती म्हणाली, «चुना पाणी पितो नि फुगतो, आणि रेशमाला खातो. कोळसा वास ओढतो.»

शाळेत रसायनशास्त्र शिकले तेव्हा लक्षात आलं की या वाक्यांत दुरुस्त करण्यासारखं काही नाही. कळीचा चुना म्हणजे कॅल्शियम ऑक्साइड. त्याचा ५६ ग्रॅम भाग १८ ग्रॅम पाणी घेतो आणि त्याचा विरलेला चुना होतो. म्हणजे शुद्ध, ताज्या एक किलो कळीत जवळजवळ ३२० ग्रॅम पाणी अक्षरशः बांधलं जातं, ते सहजासहजी पुन्हा हवेत येत नाही. हे होताना उष्णता सुटते आणि कळी फुटून पीठ होते, म्हणून मडकं अर्धं. तो तीव्र अल्कली आहे, रेशीम आणि लोकर दोन्ही त्याने कुजतात, म्हणून सोवळ्याच्या पेटीत बंदी. लहान मुलं असलेल्या घरात मी तो कुणालाच सुचवत नाही, डोळ्यात गेला तर कायमची इजा होते. म्हणूनच मूळ लेखात चुना नव्हता. तेव्हा विज्ञान न वाचल्याचा आरोप करताना तुम्ही नेमका कोणता मुद्दा खोडलात, ते मला अजून कळलेलं नाही.

कोळशाचं काम वेगळं आहे आणि तिथेच तुमची गल्लत झाली आहे. लोणारी कोळशात असंख्य सूक्ष्म छिद्रं असतात. बुरशी कापडावर आणि लाकडावर वाढताना जी उडून जाणारी द्रव्यं सोडते, तोच आपल्याला येणारा कुबट वास, आणि ती द्रव्यं या छिद्रांत अडकून बसतात. पण हवा फार दमट असेल तर त्याच छिद्रांत पाणी आधी जाऊन बसतं आणि वासाला जागा उरत नाही. जून-जुलैत उघड्या पोत्यातून आणलेला कोळसा तसाच पुरचुंडीत बांधला, तर तो आधीच पोट भरून आलेला असतो. तुम्ही तो तापवला होता का? तुमच्या प्रतिक्रियेत त्याचा उल्लेख नाही आणि माझ्या लेखात तो दुसऱ्याच परिच्छेदात आहे.

तरीही नुसता न तापवलेला कोळसा एवढंच कारण असेल असं मला वाटत नाही. खरं कारण कपड्यांत आहे. हे मी अंदाजाने सांगत नाही, तोलून बघितलं आहे. गेल्या वर्षी जुलैत डोंबिवलीच्या आमच्या घरात आईचं जुनं सुती लुगडं कपाटातून काढलं. हाताला ओलं अजिबात लागत नव्हतं, फक्त गार लागत होतं आणि नाकाशी नेलं की वास. स्वयंपाकघरातल्या काट्यावर ते भरलं ६४० ग्रॅम. मग त्याच्यावर घडी मोडून मोडून कडक इस्त्री फिरवली, जवळजवळ अर्धा तास, आणि लगेच पुन्हा तोललं. ६०० ग्रॅम. चाळीस ग्रॅम पाणी एका लुगड्यात होतं, आणि ते हाताला कळत नव्हतं.

आता तुमच्या कपाटाचा हिशेब करा. कपाटात वीस किलो सुती कपडे असतील तर याच प्रमाणात त्यांच्यात सव्वा किलो पाणी धरलेलं आहे. कपाटातल्या हवेत मात्र ते फारच थोडं असतं. दोन दारांच्या कपाटातली हवा दीड घनमीटरच्या आत-बाहेर, आणि तिचा दमटपणा नव्वद टक्क्यांवरून पासष्टवर आणायला दहा ग्रॅमच्या आसपास पाणी काढावं लागतं. पाव किलोची पुरचुंडी माझ्याकडे आठवड्यात २७० ग्रॅमच्या घरात जाते, म्हणजे ती वीस ग्रॅम पाणी घेते. हवेपुरती ती पुरेल. सव्वा किलोपुढे तिचं काहीच चालणार नाही, कारण हवा जरा कोरडी झाली की कपडे त्यांच्यातलं पाणी पुन्हा हवेत सोडतात. मिठाची वाटी, तांदळाची पुरचुंडी, सगळ्यांची गत तीच. मीठ तर आमच्याकडच्या पावसात स्वतःच पाझरतं, कारण पंचाहत्तर टक्क्यांच्या वरच्या दमटपणात ते विरघळायला लागतं आणि वाटीखालची फळी खारट पाण्याने भिजते.

म्हणून क्रम उलटा करून चालत नाही. आधी कपडे कोरडे, मग कपाट कोरडं, आणि मग कोळसा. पांढरट किंवा राखाडी भुकटी दिसणारे कपडे आधी बाहेर गॅलरीत झटकायचे. घरात झटकलेत तर बुरशीचे बीजाणू बाकीच्यांवर बसतात. नंतर अर्ध्या बादली पाण्यात अर्धी वाटी पांढरं व्हिनेगर घालून अर्धा तास ठेवायचे आणि नेहमीसारखे धुवायचे. ज्यांच्यावर काही दिसत नाही पण वास आहे, त्यांना कडक इस्त्री. इस्त्री झाल्यावर एक-दोन मिनिटं हँगरवर, वाफ निघून जाईपर्यंत, आणि अंगात थोडी ऊब असतानाच कपाटात. इथे बहुतेक जण चुकतात. 'गार होऊ दे' म्हणून तासभर खुर्चीवर ठेवतात आणि तेवढ्या वेळात सुती कापड हवेतून बरंचसं पाणी परत घेतं.

कपाट रिकामं असेल तेव्हाच फळ्या व्हिनेगरने पुसायच्या, दारं सताड उघडून टेबलफॅन थेट आत लावायचा, चार तास. मागची बाजू न्हाणीघराच्या भिंतीला टेकली असेल तर कपाट चार बोटं पुढे ओढा. आमच्या घरात खरा चोर तोच निघाला होता, मागच्या प्लायवर तळहाताएवढा काळा डाग होता आणि वरच्या कप्प्यात कितीही कोळसा ठेवला तरी खालच्या कप्प्यातला वास जात नव्हता. बोटाने दाबून बघा, प्लाय मऊ लागला तर तो बदलावाच लागतो, तिथे नैसर्गिक आणि कृत्रिम कुठलाच उपाय चालत नाही.

कोळसा तापवायचं इथे सविस्तर लिहिते, कारण यात धोका आहे. सुपारीएवढे तुकडे लोखंडी कढईत, मंद आचेवर, खिडकी उघडी ठेवून, हलवत राहायचं. वर थंड ताटली धरली की तिच्यावर थेंब जमतात. थेंब जमायचे थांबले की गॅस बंद. एखादाही तुकडा लालसर दिसू देऊ नका. मग स्टीलच्या डब्यात घट्ट झाकणाखाली रात्रभर गार करायचा. गरम कोळसा फडक्यात बांधून कपाटात ठेवला तर आतल्या आत पेटू शकतो. दुसऱ्या दिवशी पाव-पाव किलोच्या पुरचुंड्या, प्रत्येक कप्प्यात एक, आणि प्रत्येकीवर पेनने कोरडं वजन लिहायचं. वीस ग्रॅम वाढलं की पुन्हा कढई. पावसाळ्यात ही वेळ माझ्याकडे दर आठवड्याला येते. 'महिनाभर ठेवला' हे तुम्ही कोळशाविरुद्धचा पुरावा म्हणून लिहिलंत, पण पहिल्या आठवड्यानंतरचे तीन आठवडे तिथे नुसते काळे दगड पडून होते.

डांबरगोळ्यांबद्दल एवढंच : त्या पाणी घेत नाहीत, वासही घेत नाहीत, स्वतःचा उग्र वास वर चढवतात. त्या कसरीसाठी असतात. घरात तान्हं बाळ असेल तर त्याच्या कपड्यांत त्या अजिबात नकोत, नॅफ्थलीनने काही बाळांच्या रक्तातल्या लाल पेशी फुटतात. बाकी तुमचं कपाट, तुमची मर्जी.

एक मात्र स्पष्ट सांगते. इथे वाचायला येणाऱ्या बऱ्याच जणी पन्नाशी-साठीच्या आहेत आणि आपल्या आया-आज्यांचं सांगणं इथे लिहितात. त्यांनी तुमची प्रतिक्रिया वाचून लिहायचं थांबवलं तर ते मला झब्ब्याच्या डागापेक्षा जास्त लागेल. उपाय चुकला असेल तर जरूर सांगा, काय केलंत ते पायरीपायरीने लिहा, मी प्रत्येकाला उत्तर देते. गेली कित्येक वर्षं देत आले आहे.

तुमच्या कपाटातलं एक सुती लुगडं किंवा चादर आज तोला, इस्त्रीनंतर लगेच पुन्हा तोला. कोळसा वर लिहिल्याप्रमाणे तापवून ठेवा आणि आठव्या दिवशी पुरचुंडी काट्यावर घाला. तिन्ही आकडे इथे खाली लिहा, त्यांच्यावर बोलू.