देवाचे पाय आणि नानांचे अकरा शब्द

आमच्या पंचवटीतल्या कॉलनीत छोटंसं राममंदिर आहे. मूर्ती काळ्या पाषाणाची, अगदी काळारामाच्या धाटणीची. त्याची समिती आहे, समितीला नाना आहेत आणि नानांना व्हॉट्सॅप आहे. यंदा रामनवमीच्या आठवडाभर आधी नाना दारात उभे राहिले. "तू पत्रिका डिझाइन करतेस ना गं? मग आपल्या रीलचं तोंड तेवढं करून दे."

रीलचं तोंड म्हणजे कव्हर, हे मला दोन मिनिटांनी कळलं. मजकूर त्यांनी पंचांगाच्या पाठकोऱ्या पानावर लिहून आणला होता: 'प्रभू श्रीराम जन्मोत्सव सोहळा, सर्व रामभक्तांनी अवश्य पाहावा, आपले नम्र, नाना'. अकरा शब्द. शिवाय कोपऱ्यात गोलात नानांचा फोटो आणि मागे उगवता सूर्य.

मी आपली पत्रिकेच्या सवयीने कामाला लागले. मॉनिटरवर ते काय सुंदर दिसलं म्हणून सांगू! कौतुकाने फोनवर घेऊन सासूबाईंना दाखवलं. त्यांनी फोन हातभर लांब धरला, मग नाकाशी आणला आणि म्हणाल्या, "तूरडाळीची जाहिरात आहे का?"

तेव्हा पट्टी घेऊन बसले. फोनचा पडदा जेमतेम सात सेंटिमीटर रुंद. इन्स्टाग्रामच्या प्रोफाइलवर एका ओळीत तीन चौकटी, म्हणजे एका कव्हरच्या वाट्याला सव्वादोन सेंटिमीटर. माझी फाइल १०८० पिक्सेल रुंद. थोडक्यात, मॉनिटरवरचे ५० पिक्सेल म्हणजे फोनवर एक मिलिमीटर. नानांचे अकरा शब्द मी ६० पिक्सेल उंचीत बसवले होते, म्हणजे मुंगीएवढ्या अक्षरांत. नाशिकच्या चौकाचौकांतल्या फ्लेक्सवर वाढलेल्या माणसाला हा हिशेब पटवणं सोपं नसतं. "मग अक्षर मोठं कर," नाना म्हणाले. मोठं केलं तर राम दिसेना.

मजकूर कमी करायचा ठरला. 'प्रभू श्रीराम' एका ओळीत, 'जन्मोत्सव' खाली. जागा वाचवायला ओळी जवळ घेतल्या, तर 'भू'चा दीर्घ उकार खालच्या 'न्मो'च्या मात्रेत जाऊन अडकला. इंग्रजी कॅपिटल अक्षरं एकाखाली एक निमूट बसतात. आपल्या लिपीला वर वेलांटी आणि खाली उकार असतो, त्यामुळे दोन ओळींत मोकळी जागा सोडावीच लागते. शेवटी एकच शब्द ठेवला: 'रामजन्म'. वर मात्रा नाही, खाली उकार नाही. मुक्ता फॉन्टचं सर्वांत जाड वळण, १७० पिक्सेल उंची. सव्वादोन सेंटिमीटरच्या चौकटीतही अक्षर तीन मिलिमीटरांच्या वर आलं. तिथी, वार, नम्र, अवश्य हे सगळं खाली कॅप्शनमध्ये गेलं. तिथे नानांना वाटेल तेवढं नम्र होता येतं.

मध्येच समितीतल्या एका उत्साही पोराने फाइल मागून घेतली आणि 'स्टायलिश' करून परत दिली. त्याने अक्षरांमधलं अंतर वाढवलं होतं. शिरोरेषा तुटली आणि 'रा म ज न्म' असे चार सुटे दात दिसू लागले. वर पिवळ्या सूर्यावर भगवी अक्षरं. मी फोन कृष्णधवल करून त्याच्यापुढे धरला. शब्द गायब! पिवळा आणि भगवा डोळ्यांना वेगळे वाटले, तरी त्यांच्या उजेडात फारसा फरक नसतो, म्हणून एक दुसऱ्यात विरघळतो. सूर्य गेला, गाभाऱ्याचा काळोख तसाच राहू दिला आणि अक्षरं सायीच्या रंगाची केली. लाल बाण, चमकणारे तारे आणि 'शेवटपर्यंत पाहा' हे मी त्याच दमात काढून टाकलं. देवाला बाण दाखवायची गरज नाही, आणि रामाकडे तर स्वतःचे आहेत.

खरी परीक्षा मूर्तीच्या फोटोची होती. काळा पाषाण, अंगावर चांदी, पुढे निरांजन. फोनचा कॅमेरा ज्योत पाहून उजेड कमी करतो, मग रामाचा चेहरा जातो आणि नुसता मुकुट हवेत तरंगतो. गेल्या वर्षी तसाच फोटो होता. चेहऱ्यावर बोट दाबून धरलं की उजेड आणि फोकस तिथे पक्के होतात, मग बोट किंचित खाली ओढून चांदी भाजणार नाही एवढा उजेड कमी करायचा. हे आरती सुरू व्हायच्या आधीच करावं लागतं. पण आरती सुरू झाली की तबक नेमकं चेहऱ्यासमोर येतं. आमचे गुरुजी चरणांशी चार वेळा, नाभीशी दोन वेळा, मुखाशी एकदा आणि मग सर्वांगावरून सात वेळा ओवाळतात. म्हटलं, पहिल्या चारांतच माझं काम. तबक पायाशी, चेहरा मोकळा आणि त्यावर खालून येणारा सोनेरी उजेड. तिसऱ्या ओवाळणीची चौकट मिळाली. सर्वांगाच्या सातांत ज्योतीची नुसती जिलबी झाली होती.

ती चौकट १०८० बाय १९२०मध्ये बसवताना कळलं की देवाच्या पायांवर बरेच हक्कदार आहेत. रील चालू असताना तळाच्या साधारण तिसऱ्या हिश्श्यावर नाव, कॅप्शन आणि गाण्याची पट्टी चढते, उजवीकडे खालच्या बाजूला हृदय नि बाण. प्रोफाइलच्या चौकटीत तर वरचे आणि खालचे २४०-२४० पिक्सेल कापलेच जातात. पहिल्या खेपेला मूर्ती ऐन मध्यावर, मोठी घेतली होती. फोनवर रामाच्या चरणी आमच्या मंडळाचं नाव आणि लक्ष्मणाच्या खांद्यावर शेअरचं बटण. सासूबाई म्हणाल्या, "पाय झाकलेत. नमस्कार कुठे करायचा?" मूर्ती लहान करून वर सरकवली. चरण वरून सुमारे १२५० पिक्सेलवर आले, मुकुटाच्या वर 'रामजन्म', आणि खालच्या रिकाम्या जागेत फक्त पायऱ्या आणि मोगरा. मोगऱ्यावर कोणीही चढो.

एवढं करून रील टाकलं, तर नानांचा फोन. "अगं, जन्माच्या दिवशी काळं काय लावलंस?" स्क्रोल करताना कव्हर दिसतच नाही, व्हिडिओची पहिली चौकटच दिसते, आणि मी हौसेने सुरुवात काळोखातून हळूहळू उजळत नेली होती. बघणाऱ्याचा अंगठा एवढा थांबत नाही. काढून पुन्हा टाकलं. आता सुरुवातीलाच तोच चेहरा, तीच जागा, तोच शब्द. एक सेकंद सगळं स्थिर, मग घंटा. कव्हरवरून आत येणाऱ्याला हिसका नाही.

नानांनी पाहिलं. "छान झालंय," म्हणाले. मग थोडं थांबून, "मोगऱ्याच्या तिथे जागा आहे बघ. गोल फोटो बसेल."

मी ऐकू न आल्यासारखं केलं आणि सासूबाईंकडे फोन दिला. चष्मा नव्हता. हातभर लांबूनच वाचलं, "रामजन्म." डोळे मिटले. चरण आता स्वच्छ दिसत होते, म्हणून त्यांनी उजव्या पायाला बोट लावलं, लगेच डाव्या पायाला लावलं आणि बोट कपाळाला नेलं. दोन टिचक्या लागोपाठ पडल्यामुळे पडद्यावर, थेट प्रभूंच्या पायाशी, भलंमोठं लाल हृदय टुणकन उमललं.

"अगंबाई," त्या म्हणाल्या, "पावला!"