येशूचा पुनर्जन्म झाला नव्हता, पेपरात असं लिहू नका

“पुनर्जन्म, पुनरुत्थान, न्यायनिवाडा ही एकाच गोष्टीची तीन नावं. येशूचा तिसऱ्या दिवशी पुनर्जन्म झाला. बुद्धही सांगतो की तोच आत्मा नव्या शरीरात जातो. शेवटी सगळे धर्म कर्माचं फळ मानतात. एवढं लिहा, दहा मार्क फिक्स.”

हा मेसेज ऐरोलीत राहणाऱ्या माझ्या भाचीने काल रात्री पाठवला, टीवायच्या ग्रुपवर फिरतोय म्हणे, आणि तिने तो नोट्समध्ये उतरवूनही घेतला होता. मग मी फोनच लावला.

येशूचं वाक्य सगळ्यात घातक आहे. पुनर्जन्मात जुना देह सुटतो, गीतेच्या दुसऱ्या अध्यायातली जीर्ण वस्त्रांची उपमा तेच सांगते, आणि जीव दुसऱ्या आईच्या पोटी बाळ म्हणून येतो. लूकच्या शुभवर्तमानात चोविसावा अध्याय उघडून बघा, येशू शिष्यांना स्वतःचे हातपाय दाखवतो, हात लावून बघा म्हणतो, आणि त्यांच्यासमोर भाजलेल्या माशाचा तुकडा खातो. तीच व्यक्ती, तोच देह, पण आता मरण नसलेला. येशूने मेलेल्यातून उठवलेल्या लाजराचं उदाहरणही जपून द्या, तो जिवंत झाला पण पुन्हा मरणारच होता, त्यामुळे ते शेवटच्या दिवसाचं पुनरुत्थान नाही. आपल्या ठाण्यात तलावपाळीच्या चर्चमध्ये जाणाऱ्या कुणालाही विचारा, त्यांच्या विश्वासांगीकारात ‘देहाचं पुनरुत्थान’ असे शब्द आहेत. आणि इब्री लोकांस पत्रात, ९:२७ ला, सरळ लिहिलंय की माणसाला एकदाच मरायचं आहे आणि त्यानंतर न्याय. ‘एकदाच’ म्हटल्यावर पुनर्जन्म कुठून आणणार?

बुद्धाचं तर उलटंच लिहिलंय. मिलिंदपञ्हो या बौद्ध ग्रंथात भिक्खू नागसेन मिलिंद राजाला दिव्याचा दाखला देतो, एका दिव्यावरून दुसरा पेटवला तर पहिल्यातून काही उचलून दुसऱ्यात गेलं का? नाही ना. जन्माची साखळी चालू राहते, पण जाणारा कायमचा आत्मा नाही.

कर्मफळाचं अर्धं खरं आहे, तेवढं मान्य करते. गरुडपुराणात यम आहे, चित्रगुप्ताची वही आहे, म्हणजे निवाडा आपल्याकडेही आहे. पण ती शिक्षा भोगून संपते आणि पुढचा जन्म मिळतो. कुराणात आणि बायबलमध्ये कयामतीचा न्याय इतिहासाच्या शेवटी, सगळ्यांचा, आणि नंतर पुन्हा जन्म नाही. जैनांकडे तर निवाडा करणारा कुणी नाहीच, कर्म स्वतःच चिकटतं आणि स्वतःच फळ देतं.

म्हणून न्यायनिवाड्याला तिसरा पर्याय समजू नका, तो पहिल्या दोन्हींसोबत येऊ शकतो. भाचीला मी दोनच प्रश्न लिहून दिले: मेल्यावर टिकतं काय, आणि पुढचं ठरवतं कोण. प्रत्येक परंपरेला हे दोन विचारायचे आणि त्याच क्रमाने उत्तर लिहायचं. तिने नोट्समधलं ते पान फाडलं, आणि लूकचा चोविसावा अध्याय आता स्वतः वाचतेय.